नोव्हेचेन्तो म्हणजे विसावं शतक, आणि वारसापत्रातले नवमांश

प्रश्न: ‘इल नोव्हेचेन्तो’ म्हणजे एकोणिसावं शतक की विसावं? एका इटालियन घराण्याच्या वाड्याची माहितीपुस्तिका आणि त्यांचे वारसाहक्काचे कागद मी मराठीत आणि इंग्रजीत करते आहे. ‘सेकोन्दो ओत्तोचेन्तो’, ‘त्रा सेइ ए सेत्तेचेन्तो’ असलं काही आलं की अडते. शिवाय कागदांत ३/९, २/९ असे हिस्से आहेत. ते सोपे करून लिहू का?

उत्तर:

विसावं. आणि हिस्से सोपे करू नका. त्याचं कारण शेवटी सांगतो, आधी शतकं उरकू.

नोव्हेचेन्तो म्हणजे शब्दशः नऊशे. इटालियन माणूस ‘मिल्लेनोव्हेचेन्तो’ला, म्हणजे एकोणीसशेला, पुढचा हजार न उच्चारता नुसतं नऊशे म्हणतो. ज्या वर्षांचा आकडा एकोणीसशेने सुरू होतो ती सगळी वर्षं म्हणजे नोव्हेचेन्तो, अर्थात आपलं विसावं शतक. मराठी माणसाला हे खरं तर अवघड जाऊ नये. सतराशे एकसष्टचं पानिपत अठराव्या शतकातलं आणि अठराशे सत्तावन एकोणिसाव्या शतकातलं, हे आपण शाळेपासून न अडखळता म्हणतो. गफलत होते ती इटालियन शब्दात हजार दिसत नाही म्हणून. नऊशे ऐकलं की डोकं आधी एकोणीसशेपर्यंत येतं, तिथेच ‘एकोणीस’ सापडतो आणि हात ‘एकोणिसावं’ लिहून मोकळा होतो.

माझी युक्ती साधी आहे: शब्दातल्या आकड्यात अकरा मिळवायचे. नोव्हे म्हणजे नऊ, नऊ अधिक अकरा वीस. ओत्तोचेन्तो: आठ अधिक अकरा, एकोणिसावं. चिंक्वेचेन्तो: पाच अधिक अकरा, सोळावं. दुएचेन्तो: दोन अधिक अकरा, तेरावं. मालिका दुएचेन्तोपासूनच सुरू होते. त्याआधीच्या शतकांना ही नावं नाहीत, तिथे ‘बारावं शतक’ असं सरळ क्रमवाचक किंवा रोमन आकडा येतो. त्यामुळे नोव्हेचेन्तो म्हणजे इसवी सन ९०० ते ९९९ असेल का, ही शंका मनातून काढून टाका. त्या शतकाला इटालियनमध्येही दहावं शतकच म्हणतात.

आकडे लक्षात ठेवायला मराठी माणसाला कष्ट नाहीत. सेत्ते, ओत्तो, नोव्हे हे सात, आठ, नऊचे चुलतभाऊ आहेत, आणि हे नातं कागदावर आणणाऱ्या पहिल्या युरोपीयांपैकी एक जण आपल्याच किनाऱ्यावर वावरत होता. फ्लोरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सासेत्ती १५८०च्या दशकात कोची आणि गोव्यात होता. संस्कृतातले आणि इटालियनमधले सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, तसेच देव आणि साप यांचे शब्द एकमेकांसारखे आहेत, असं त्याने मायदेशी पाठवलेल्या पत्रांत लिहिलं. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. इटालियन पुस्तकात तो ‘चिंक्वेचेन्तो’चा, मराठी पुस्तकात सोळाव्या शतकातला.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या काळात एका सहल कंपनीसाठी फ्लोरेन्सची पुस्तिका केली होती. ब्रांकाच्ची चॅपेलमधल्या मसाच्चोच्या चित्रांपुढे ‘क्वात्त्रोचेन्तो’ होतं. मी ‘चौदावे शतक’ लिहिलं. छापून झाल्यावर एका प्रवाशाने विचारलं, मसाच्चोचा जन्म १४०१चा, मग त्याने जन्मायच्या आधी चित्रं काढली का? क्वात्त्रोचेन्तो, चार अधिक अकरा, पंधरावं शतक. ती चित्रं १४२०च्या दशकातली आहेत. तेव्हापासून शतकाचं नाव आलं की त्याच वाक्यातल्या माणसाची सनं शोधून ताडून बघतो. चूक असेल तर ती नेमकी शंभर वर्षांची असते, त्यामुळे लगेच उघडी पडते.

इंग्रजीत ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी’च लिहा, ‘द नाइन्टीन हंड्रेड्स’ नको. त्याचा अर्थ काही वाचक १९०० ते १९०९ हे दशक असा घेतात, काही पूर्ण शतक. आणि नुसतं ‘१९००’ तर अजिबात नको. याचा जगजाहीर नमुना म्हणजे बेर्तोलुच्चीचा १९७६चा चित्रपट. मूळ नाव ‘नोव्हेचेन्तो’, म्हणजे एका अख्ख्या शतकाची गोष्ट. इंग्रजीत तो ‘१९००’ या नावाने गेला. त्यातली दोन मुलं जन्माला येतात ती व्हेर्दी वारला त्या दिवशी, २७ जानेवारी १९०१ला. म्हणजे ज्या सालाचं नाव दिलं त्या सालात गोष्टीचे नायक जन्मलेलेही नव्हते.

मात्र दोन ठिकाणी नोव्हेचेन्तोला हात लावायचा नाही. मिलानमध्ये १९२२ साली मार्गेरिता सार्फात्तीच्या पुढाकाराने चित्रकारांचा एक गट उभा राहिला, त्याचं नावच ‘नोव्हेचेन्तो’. त्या गटाबद्दल मजकूर असेल तर ते विशेषनाम आहे. तसंच मिलानचं ‘मुझेओ देल नोव्हेचेन्तो’. नाव ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘विसाव्या शतकातील कलेचे संग्रहालय’ अशी ओळख जोडा. इंग्रजी कलेतिहासात क्वात्त्रोचेन्तो, चिंक्वेचेन्तो हे शब्द जसेच्या तसे चालतात, पण तिथे ते काळापेक्षा शैलीबद्दल बोलत असतात. वाड्याच्या पुस्तिकेत त्यांचा काही उपयोग नाही.

आता तुमच्या पुस्तिकेत येईल तसलं एक वाक्य मी मुद्दाम रचतो. बहुतेक सगळे खड्डे त्यात आहेत:

‘ला व्हिल्ला, दि इम्पियान्तो चिंक्वेचेन्तेस्को, फु आम्प्लियाता आ काव्हाल्लो त्रा सेइ ए सेत्तेचेन्तो, ल्यि आफ्रेस्कि देल प्रिमो पियानो सोनो देल सेकोन्दो ओत्तोचेन्तो, मेन्त्रे इल जार्दिनो, इन स्तिले सेत्तेचेन्तेस्को, ए देल्यि आन्नि व्हेन्ति देल नोव्हेचेन्तो.’

‘चिंक्वेचेन्तेस्को’ हे विशेषण: सोळाव्या शतकातला. ‘इम्पियान्तो’ म्हणजे इथे मूळ आखणी, घडण. पुढचा ‘त्रा सेइ ए सेत्तेचेन्तो’ हा नवख्याला हमखास पाडणारा तुकडा. सेइ म्हणजे सहा, सेत्तेचेन्तो म्हणजे सातशे, म्हणून ‘सहा आणि सातशेच्या दरम्यान’ असं भाषांतर मी तपासणीत दोनदा पाहिलं आहे. इटालियन माणूस इथे काटकसर करतो: ‘सेइचेन्तो ए सेत्तेचेन्तो’ असं दोनदा ‘चेन्तो’ म्हणण्याऐवजी पहिला गाळतो, जसं आपण ‘दोन-तीनशे माणसं’ म्हणतो आणि कुणी दोन माणसं मोजत नाही. म्हणजे सतरावं आणि अठरावं शतक. ‘आ काव्हाल्लो’ म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं, एक पाय इकडे एक पाय तिकडे. दोन्ही शतकं पूर्ण नव्हे, त्यांचा सांधा. साधारण १६९० ते १७१० मनात धरा, पण लिहिताना आकडा घालू नका, मूळ लेखकाने घातलेला नाही.

‘सेकोन्दो ओत्तोचेन्तो’मधला ‘सेकोन्दो’ क्रमवाचक दिसतो, पण ‘दुसरं एकोणिसावं शतक’ असं काही नसतं. तो शतकाचा दुसरा भाग. मराठीकडे इथे इंग्रजीपेक्षा नेटका शब्द आहे: उत्तरार्ध. ‘प्रिमो ओत्तोचेन्तो’ला मात्र पूर्वार्ध लिहिताना मी जरा थांबतो. कधी तो पहिली पन्नास वर्षं असतो, कधी पहिली वीस-तीस. काटेकोर लेखकाला पूर्वार्ध म्हणायचा असेल तर तो ‘प्रिमा मेता’ लिहितो. म्हणून ‘प्रिमो’ला ‘एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात’ आणि ‘प्रिमा मेता’ला ‘पूर्वार्धात’, असा भेद ठेवा. जाता जाता: ‘सेकोन्दो दोपोगुएर्रा’ आला तर तो ‘दुसरा युद्धोत्तर काळ’ नव्हे, दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ.

‘इन स्तिले सेत्तेचेन्तेस्को’ने बागेची तारीख कळत नाही, तोंडवळा कळतो. बाग अठराव्या शतकाच्या धाटणीची आहे, अठराव्या शतकातली नाही. तारीख पुढे वेगळी दिली आहे. ‘आन्नि व्हेन्ति’ म्हणजे विशीची वर्षं, १९२० ते १९२९. इथे इटालियनपेक्षा मराठीचा धोका मोठा. आपल्याकडे ‘विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात’ असं लिहायची पद्धत आहे आणि ती बरोबरही आहे, पण घाईत ‘वीस’ बघून ‘दुसऱ्या दशकात’ लिहिलं जातं आणि बाग दहा वर्षं आधी लागते. मी सरळ ‘१९२०च्या दशकात’ लिहितो. वाचकालाही बोटं मोजावी लागत नाहीत. आणि ‘आन्नि त्रेन्ता देल्लोत्तोचेन्तो’ आलं तर ती १८३०ची वर्षं. शेवटचा शब्द नजरेतून सुटला तर पुन्हा शंभर वर्षांची चूक.

तर वाक्य असं होईल: ‘मूळ घडण सोळाव्या शतकातली असलेला हा वाडा सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी वाढवण्यात आला. पहिल्या मजल्यावरची भित्तिचित्रं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत. बाग अठराव्या शतकाच्या धाटणीची असली तरी ती केली गेली १९२०च्या दशकात.’ एका वाक्याची तीन झाली, हरकत नाही.

‘पहिल्या मजल्या’वर एक शब्द बोलायला हवा. ‘प्रिमो पियानो’ म्हणजे तळमजल्याच्या वरचा, आपल्यासारखाच. मराठीत आणि ब्रिटिश इंग्रजीत काही बदलायचं नाही. ग्राहक अमेरिकन असेल तर तोच ‘सेकंड फ्लोअर’ होतो, कारण तिथे तळमजल्यालाच पहिला म्हणतात. कामाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या, नाहीतर चित्रं बघायला आलेला पाहुणा तळमजल्यावर फिरत राहील.

आकड्यात लिहिलेली शतकं जास्त फसवी असतात. ‘देल '600’ असं वर स्वल्पविरामासारखं चिन्ह असेल तर ते सेइचेन्तो, सतरावं शतक. स्कॅन करताना किंवा टाइप करताना ते चिन्ह उडालं की उरतं नुसतं ‘600’, आणि वाडा एकदम इसवी सन ६००मध्ये जातो. त्याहून वाईट म्हणजे ‘नेल 1600’. स्थानिक पुस्तिका लिहिणारे लोक याचा अर्थ सर्रास ‘सोळाशेच्या शतकात’ असा धरतात, काटेकोर लेखक मात्र १६०० हे साल म्हणून लिहितो. ओळखायचं कसं? त्याच पुस्तिकेतल्या बाकीच्या तारखा बघा. १५८७, १६०३ अशी तुटक सालं येत असतील तर १६०० हेही साल असायची शक्यता मोठी. सगळीकडे १५००, १६००, १७०० असे गोल आकडेच असतील तर ती शतकं आहेत. तरीही उलगडा झाला नाही तर घराण्याला एक ओळ पाठवून विचारा. अंदाजाने साल छापू नका.

शतकाच्या काठावरची सालं हा आणखी एक बारीक मुद्दा. जोर्दानो ब्रूनोला रोममध्ये जाळलं ते १७ फेब्रुवारी १६००ला. नावाप्रमाणे ते सेइचेन्तोत बसतं, कारण आकडा सोळाशेच आहे. पण काटेकोर मोजणीत १६०० हे सोळाव्या शतकाचं शेवटचं वर्ष. म्हणजे सेइचेन्तो आणि सतरावं शतक यांत एका वर्षाची फट राहते. एरवी तिकडे दुर्लक्ष करा. अडतं ते जुन्या पुस्तकांच्या यादीत: ग्रंथपालांची ‘चिंक्वेचेन्तीना’ म्हणजे १५०१ ते १६०० या काळात छापलेलं पुस्तक, तिथे १६०० आत आणि १५०० बाहेर. वाड्यात ग्रंथालय असेल तर हा शब्द पुस्तिकेत येईलच.

सालांची आणखी एक लकब आपल्या ओळखीची आहे. आपण ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतो आणि १९७२ असं कुणी सांगावं लागत नाही. इटालियन माणूस तसंच ‘इल सेस्सान्तोत्तो’ म्हणतो, १९६८ची विद्यार्थी चळवळ. मराठीत ‘अडुसष्टची चळवळ’ छान बसतं, पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण साल द्या. ‘इल क्वारान्तोत्तो’ मात्र १९४८ नव्हे, तर बहुतेक वेळा १८४८, युरोपभर उठाव झाले ते साल. त्या धामधुमीवरून ‘क्वारान्तोत्तो’ हा गोंधळाला प्रतिशब्दच झाला. मुलांनी घरात ‘क्वारान्तोत्तो’ केला, तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं एवढाच अर्थ.

आणि ‘इल मिल्ले’ म्हणजे इसवी सन १०००चा सुमार, पण ‘इ मिल्ले’ म्हणजे १८६०मध्ये गारिबाल्दीबरोबर सिसिलीवर चालून गेलेले हजार स्वयंसेवक. ते जेनोआजवळच्या क्वार्तो या गावातून निघाले. त्या भागाला आज ‘क्वार्तो देइ मिल्ले’ म्हणतात आणि शब्दकोश घेऊन बसलेला माणूस त्याचं ‘हजारांपैकी चौथा’ करून ठेवतो. क्वार्तो हे जेनोआपासून चौथ्या मैलावर म्हणून पडलेलं गावाचं नाव. शेजारी क्विन्तोही आहे. घराण्यातला कुणी पूर्वज ‘उनो देइ मिल्ले’ असेल, तर तो ‘हजारांतला एक’ असा गुणी माणूस नव्हे, गारिबाल्दीचा शिपाई होता.

सुट्या क्रमवाचकांत फारसं काही नाही. पोप ‘Pio IX’ असा लिहिला तरी वाचायचा ‘पिओ नोनो’. मराठीत ‘पोप नववे पायस’. आकडा नावाआधी घेतला की ‘दुसरा बाजीराव’सारखा मराठी वळणाचा होतो आणि आदरार्थी अनेकवचनही सहज लागतं. तारखांत इटालियन फक्त पहिल्या दिवसाला क्रमवाचक करतो, ‘1º माज्जो’, बाकी सगळे साधे आकडे. मराठीत ‘१ मे’ पुरे. लक्ष ठेवायचं ते त्या छोट्या वर्तुळावर: स्कॅन केलेल्या कागदातून मजकूर उचलताना ‘1º’चा ‘10’ होतो. वारसापत्रात १ मार्चचा मृत्यू १० मार्चला गेला तर पुढच्या सगळ्या मुदती बिघडतात. मूळ कागदाच्या प्रतिमेशी प्रत्येक तारीख डोळ्यांनी ताडून बघा, दुसरा उपाय नाही.

आता अपूर्णांक. बोलण्यातल्या अपूर्णांकांची काळजी नको, मराठी तिथे इटालियनला मागे टाकते. ‘उन’ओरा ए मेद्झा’ म्हणजे दीड तास, ‘दुए ओरे ए मेद्झा’ अडीच, ‘ले त्रे ए उन क्वार्तो’ सव्वातीन, ‘ले त्रे मेनो उन क्वार्तो’ पावणेतीन. ‘दोन आणि अर्धा तास’ लिहिलंत तर वाचकाला लगेच भाषांतराचा वास येईल. वाड्याच्या पुस्तिकेत आजीची पाककृती असेलच, त्यात ‘दुए एत्ति ए मेद्झो’ पीठ येईल. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम, म्हणून अडीच एत्ति म्हणजे पाव किलो. अडीच अमुक, अडीच तमुक लिहीत बसू नका.

कागदपत्रांत मात्र ही ऐट बाजूला ठेवायची. तुमचे ३/९ आणि २/९ कुठून आले ते बघा. मृत्युपत्र नसेल, मागे पत्नी आणि एकाहून जास्त मुलं असतील, तर इटालियन दिवाणी कायद्याने पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांत समान. तीन मुलं असतील तर दोन तृतीयांशाचे तीन भाग, प्रत्येकी २/९. पत्नीचा एक तृतीयांश त्याच छेदात मांडला की ३/९. तीन, दोन, दोन, दोन: बेरीज नऊ. तुमच्या घराण्यात चार वारस आणि आईचा हिस्सा ३/९ असेल तर हेच गणित आहे.

आईचा हिस्सा १/३ केला तर गणित चुकत नाही, पण कागद बिघडतो. वाचणारा अधिकारी अंशांची बेरीज करून हिस्से पूर्ण होतात की नाही ते बघतो, आणि सोपं रूप दिलं तर छेद जुळत नाहीत. तोच ३/९ जमीन-घरांच्या नोंदीतही उतरलेला असतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की एकीकडे ३/९ आणि दुसरीकडे १/३ दिसतं आणि विनाकारण प्रश्न उभा राहतो. आपल्याकडच्या जुन्या उताऱ्यातला चार आण्यांचा हिस्सा कुणी ‘पाव’ लिहून पुढे पाठवत नाही, तसंच हे. बेरजेची हीच तपासणी तुम्हीही करा. एखाद्या मुलाच्या जागी त्याची दोन मुलं आली असतील तर २/९चे १/९ आणि १/९ झालेले दिसतील, तरी अंशांची बेरीज नऊच यायला हवी. आठ आली तर एक वारस गळलाय, किंवा तुमच्या हातून एक ओळ.

मराठीत मी आकडा आणि शब्द दोन्ही देतो: ‘३/९ (तीन नवमांश)’. ‘नऊ भागांपैकी तीन भाग’ असंही चालतं आणि ज्यांना नवमांश म्हटल्यावर कुंडली आठवते त्यांच्यासाठी ते जास्त बरं. दहाच्या बाबतीत तर भाग मोजणंच चांगलं. ‘एक दशांश’ लिहिलं की वाचक पुढे दशांश चिन्हानंतरचा आकडा शोधतो. ‘दहावा हिस्सा’ लिहा. इमारतीतल्या सदनिकेचा हिस्सा ‘मिल्लेझिमि’त, म्हणजे हजार भागांत मोजलेला असतो. ८० मिल्लेझिमि हे ‘एक हजारपैकी ८० भाग’. त्याचं २/२५ केलंत तर सोसायटीच्या बैठकीतल्या मतांचा हिशेब कुणालाच लागणार नाही.

शेवटचा फास ‘तेर्त्सो’चा. इटालियनमध्ये, इंग्रजीसारखंच, तिसरा आणि तृतीयांश एकाच शब्दात आहेत. ‘इल तेर्त्सो फिल्यो’ तिसरा मुलगा, ‘उन तेर्त्सो’ एक तृतीयांश. कागदाच्या अखेरीस ‘साल्व्हि इ दिरित्ति देइ तेर्त्सि’ अशी ओळ येईल. ती ना तिसऱ्यांची, ना तृतीयांशांची. त्याला मराठीत कधीचा नेमका शब्द आहे: ‘तिऱ्हाइतांचे हक्क अबाधित ठेवून’. इंग्रजीत ‘थर्ड पार्टीज’.

हाताने लिहिलेला जुना कागद असेल तर अजून एक गोष्ट. ‘दुए नोनि’ म्हणजे दोन नवमांश, आणि एक ‘न’ जास्त पडला की ‘दुए नोन्नि’, म्हणजे आजी-आजोबा. वारसापत्रात दोघांनाही जागा असते, त्यामुळे नुसत्या संदर्भावरून कळेलच असं नाही. शेजारी आकडा आहे का ते बघा.